दुसरी उलटी झाली तर आधी इंजेक्शन, मग फोन

‘आदरणीय बाई, दुसरी उलटी झाली, तर मला फोन करायच्या आधी त्याला इंजेक्शन द्या. फोन नंतर करा.’

सांगलीतल्या एका मराठी शाळेत चौथीत शिकणाऱ्या मुलाच्या आईनं वर्गशिक्षिकेला लिहिलेलं पत्र या वाक्यानं सुरू होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायच्या दिवसांत, हे पत्र शाळेत जातं. कागद एकच, पाठपोट लिहिलेला, प्लास्टिकचं आवरण चढवलेला. एक प्रत मुख्याध्यापकांच्या खोलीत, एक वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, एक खेळाच्या सरांच्या पिशवीत. कुटुंबाची नावं छापायची नाहीत असं आमचं ठरलं आहे, म्हणून इथं मुलगा, आई आणि बाई एवढेच उल्लेख येतील.

शाळेला लिहिलेली आजारपणाची पत्रं मी बरीच पाहिली आहेत. ‘माझ्या पाल्यास अमुक विकार असून त्याची काळजी घ्यावी ही नम्र विनंती’ असा त्यांचा साधारण नमुना असतो. काळजी घ्यावी म्हणजे नेमकं काय करावं, हे त्यात नसतं, आणि मग शाळा ते पत्र फायलीला लावते. या पत्रात विकाराचं नाव पहिल्या पानाच्या तळाशी येतं. त्याच्या वर सगळं ‘काय दिसलं तर काय करायचं’ एवढंच आहे. आईला याचं कारण विचारलं, तर ती म्हणाली, “बाईंना परीक्षेला बसवायचं नाहीये मला. समोर पोर पांढरं पडलंय आणि त्या दाराला लावलेला कागद वाचतायत, एवढंच डोळ्यांपुढं ठेवून लिहिलं.”

विकाराचं नाव आहे कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेसिया. डॉक्टर आणि पालक ‘सीएएच’ म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल, शाळेच्या पुस्तकात अधिवृक्क. शरीराला लागणारं कॉर्टिसॉल आणि ॲल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं ती कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्यानं बनवते. प्रत्येक टप्प्याला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. या मुलाच्या शरीरात ‘21-हायड्रॉक्सिलेज’ नावाचं विकर जवळपास नाहीच. सीएएचच्या दर दहांतल्या नऊहून अधिक रुग्णांत याच विकराचा दोष असतो.

ते नसलं की काय होतं, हे सांगलीच्या माणसाला कालव्यावरून चटकन समजेल. मुख्य कालव्याचं दार अडकून बसलं आणि वरून पाणी सोडणं चालूच राहिलं, तर ते शेजारच्या चारीत घुसतं. इथं कॉर्टिसॉलकडे आणि ॲल्डोस्टेरॉनकडे जाणारी वाट बंद आहे. रक्तात कॉर्टिसॉल नाही हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला कळतं आणि ‘आणखी बनवा’ असा निरोप ती सतत धाडत राहते. ॲड्रिनल ग्रंथी राबून राबून मोठ्या होतात, आणि तयार झालेला कच्चा माल उघड्या असलेल्या एकमेव वाटेनं जातो. ती वाट पुरुषी संप्रेरकांची. म्हणून कॉर्टिसॉल कमी, मीठ धरून ठेवणारं ॲल्डोस्टेरॉन कमी आणि पुरुषी संप्रेरकं मात्र जास्त, असा हा तिहेरी गोंधळ.

मुलग्यांच्या बाबतीत यातली क्रूर गोष्ट अशी की जन्मताना बाहेरून काहीच दिसत नाही. मुलींमध्ये जननेंद्रियांची घडण वेगळी दिसते, त्यामुळे निदान अनेकदा लवकर होतं. मुलगा मात्र गुटगुटीत म्हणून घरी येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकायला लागतो. या मुलाचंही तसंच झालं. दूध अंगी लागत नाही, वजन जन्मापेक्षा कमी, डोळे खोल गेलेले. आजीनं बाळाला बाहेरचं लागलं म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, डॉक्टरांनी आधी जुलाब-उलट्यांचं दुखणं धरलं. मग रक्ताचा अहवाल आला. सोडियम 117, जे 135च्या खाली जाता कामा नये. पोटॅशियम 7.6, जे एवढ्याशा बाळातही सहाच्या वर गेलं की डॉक्टर धावपळ करतात, कारण त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून चाललं होतं. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरला हे दोन आकडे एकत्र पाहून शंका आली आणि त्यांनी 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची तपासणी पाठवली. कालव्याच्या बंद दारामागं साठणारा कच्चा माल तो हाच.

हीच तपासणी जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं पाच शहरांत, त्यात मुंबईही होती, लाखाहून जास्त नवजात बाळांची अशी तपासणी केली तेव्हा 5762 बाळांमागं एकाला हा विकार सापडला. जगभरचा आकडा साधारण 15 हजारांमागं एक असा सांगतात, म्हणजे आपल्याकडचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त. तरी प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायलाच हवी असं देशभर अजून नाही. निदानाशिवाय गेलेले असे मुलगे ‘जुलाब-उलट्यांनी दगावले’ म्हणूनच नोंदले जात असणार, असं मला वाटतं.

आता हा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वजन 28 किलो, उंची 130 सेंटिमीटर. शरीर जे बनवत नाही ते गोळीनं द्यायचं, एवढाच उपचार, आणि तो जन्मभराचा. सकाळी हायड्रोकॉर्टिसोन 5 मिलिग्रॅम, दुपारी 5, रात्री अडीच. सोबत सकाळी फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक बारीक गोळी, मीठ धरून ठेवण्यासाठी. हे आकडे त्याच्या अंगाच्या आकारमानावरून त्याच्या डॉक्टरांनी काढलेले आहेत, दुसऱ्या मुलाचे वेगळे असतील. दुपारची गोळी मधल्या सुट्टीत शाळेत घ्यावी लागते. हायड्रोकॉर्टिसोन अंगात फार वेळ टिकत नाही, म्हणून ‘सकाळ-संध्याकाळ घेतली की झालं’ असं इथं चालत नाही. पत्रात याबद्दल दोनच ओळी आहेत:

‘दुपारी दोन वाजता डबा खाताना एक गोळी. तो स्वतः घेतो, पण घेतली का एवढं विचारा. राहून गेली तर आठवेल तेव्हा द्या, रागावू नका.’

त्याच्यापुढं एक ओळ अशी: ‘डब्यात लोणचं, खारे शेंगदाणे दिसतील. ते लाडानं दिलेले नाहीत. पाणी प्यायला आणि लघवीला तो मध्येच उठला तर जाऊ द्या.’ एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मुलाला मीठ आणि पाणी यांची गरज इतरांपेक्षा जास्त असते, हे बाईंना या ओळीवरून कळलं. तोवर त्यांनी त्याला खारं खाण्यावरून दोनदा टोकलं होतं.

रोजचं हे सगळं सरळ चालतं. नऊ वर्षांचा पोरगा वर्गात इतरांसारखाच दिसतो. किंबहुना जरा उंच, कारण लहानपणी पुरुषी संप्रेरकं वाढली की हाडं वयाच्या पुढं पळतात. असा मुलगा आज वर्गात उंच दिसतो, पण त्याची हाडं लवकर पक्की झाली, तर मोठेपणी बुटका राहू शकतो. गोळी कमी पडली तर हे होतं, आणि जास्त झाली तर अंगावर चरबी चढून वाढ खुंटते. दर तीन-चार महिन्यांनी पुण्याला जाऊन उंची, वजन, रक्त आणि अधूनमधून मनगटाचा एक्स-रे पाहून मात्रा पुन्हा बसवायची, ती यासाठी.

अडचण आजारपणात येते. तुम्हा-आम्हाला ताप आला, हाड मोडलं, उलट्या लागल्या, की ॲड्रिनल ग्रंथी आपणहून कॉर्टिसॉल कित्येक पट वाढवतात. रक्तदाब टिकतो, रक्तातली साखर टिकते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. या मुलाच्या अंगात जेवढं गोळीनं गेलं तेवढंच कॉर्टिसॉल आहे. म्हणून वाढवायचं कामही बाहेरूनच करावं लागतं. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला की दिवसाची मात्रा दुप्पट, 102च्या वर गेला की तिप्पट, ताप उतरला की पुन्हा नेहमीची. याला घरातली मंडळी ‘आजाराचा डोस’ म्हणतात. वेळेवर तो गेला नाही, तर साखर आणि रक्तदाब घसरतात, सोडियम पडतं, मूल सुस्त होतं, झोपी जातं आणि काही तासांत बेशुद्ध होऊ शकतं. ॲड्रिनल क्रायसिस म्हणतात तो हाच.

पत्रातला ‘आजारपणाचे दिवस’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तो शाळेच्या एका चांगल्या सवयीवर बोट ठेवतो. मूल वर्गात मलूल झालं की आपण काय करतो? बाकावर डोकं टेकवून झोपू देतो. अंग कोमट लागलं तर तापाची अर्धी गोळी देतो, शाळा सुटेपर्यंत आजारी मुलांच्या खोलीत पडू देतो. मायेनंच करतो. या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच धोक्याचं. पत्रात लिहिलं आहे:

‘तो मध्येच झोपायला लागला, तर “झोपू दे थोडा वेळ” असं करू नका. त्याला उठवा, नाव विचारा, कालचा गृहपाठ काय होता ते विचारा. नीट उत्तर दिलं, तर मला फोन करा. उत्तर देईना, भलतंच बोलू लागला, किंवा उठेचना, तर ती झोप नाही. इंजेक्शन द्या. त्याला एकट्याला कुठल्याही खोलीत ठेवू नका, संडासातही कोणीतरी दाराशी उभं राहा. तापाची गोळी मला विचारल्याशिवाय देऊ नका. तिनं ताप उतरलेला दिसतो, पण त्याच्या अंगातली गरज उतरलेली नसते.’

या कलमाखाली चार गोष्टी लिहिल्या आहेत, ज्या सुरुवातीला दिसू शकतात: डोकेदुखी, पोटदुखी, चेहरा पांढरा पडून गार घाम, आणि विनाकारण चिडचिड. ताप असेलच असं नाही, हे जाड अक्षरात. बाईंनी मला सांगितलं की त्यांना सगळ्यात उपयोगी पडला तो चिडचिडीचा उल्लेख. “शांत पोरगं आहे. एकदा शेजारच्याला पट्टी मारली त्यानं. एरवी मी कोपऱ्यात उभं केलं असतं. त्या दिवशी आधी डबा काढायला लावला.” डबा सकाळपासून तसाच होता. खाल्ल्यावर अर्ध्या तासात तो ठीक झाला. अशा मुलांत साखर घसरण्याचा धोका दुहेरी असतो, कारण कॉर्टिसॉलच्या कमतरतेमुळं ॲड्रिनलचा आतला गाभाही नीट वाढत नाही आणि ॲड्रिनलिनही कमी तयार होतं. उपाशी ठेवणं हा या मुलापुरता शिक्षेचा प्रकार असूच शकत नाही.

पण कशाकशानं मात्रा वाढवायची नाही, हेही पत्र तितक्याच ठामपणे सांगतं, आणि इथं शाळेचा अंदाज बऱ्याचदा चुकतो. परीक्षा आहे, गॅदरिंगमध्ये नाच आहे, पीटीचा तास आहे, साधी सर्दी आहे, गुडघा खरचटलाय: यातल्या कशालाही जादा गोळी लागत नाही. 2018 साली एंडोक्राइन सोसायटीनं काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही मनावरचा रोजचा ताण, किरकोळ दुखणी आणि नेहमीचा व्यायाम यांसाठी मात्रा वाढवू नये असंच म्हटलं आहे. स्टेरॉइड दर वेळी वाढवत गेलं, तर उंचीला आणि वजनाला त्याची किंमत मोजावी लागते. त्यामुळं चाचणी परीक्षेच्या दिवशी ‘आज टेन्शन असेल, दोन गोळ्या देऊ का?’ असा शाळेतून फोन आला, तेव्हा आईनं पुढच्या वर्षीच्या पत्रात ‘परीक्षा हा आजार नाही’ अशी ओळ घातली. मुलाला ती अजिबात आवडलेली नाही.

खेळू द्यायचं का, हा प्रश्न दर वर्षी येतो. खेळू द्यायचं. कबड्डी, धावणं, सगळं. लांब पल्ल्याचा किंवा उन्हातला खेळ असेल, तर आधी काहीतरी खायचं आणि मध्ये मीठ-साखर-पाणी प्यायचं. मात्र पडून हाड मोडलं किंवा डोक्याला जबर मार लागला, तर मूल शुद्धीत असलं, बोलत असलं तरी इंजेक्शन आधी, दवाखाना नंतर.

पत्रात काय नाही, हेही सांगण्याजोगं. विकार जननेंद्रियांच्या घडणीशी आणि वयात येण्याशी जोडलेला आहे, यातला एक शब्दही आईनं लिहिलेला नाही. मुलगी असती तर शस्त्रक्रिया झाली का, झाली नाही का, याची चौकशी कुणीतरी केलीच असती, आणि शाळेला ते कळायचं काहीच कारण नव्हतं. आई-वडील दोघंही एकाच दोषी जनुकाचे वाहक असले, की दर गरोदरपणात चारात एक शक्यता असते. या घरात आते-मामे भावंडांचं लग्न आहे. तेही पत्रात नाही. इंजेक्शन द्यायला ज्याची गरज नाही, ते शिक्षकांच्या खोलीतल्या चहाबरोबर चर्चेला द्यायचं नाही, हा आईचा हिशोब मला पटला.

मुख्याध्यापकांचं घोडं अडलं ते इंजेक्शनवर. शाळेत परिचारिका नाही, आपल्याकडं बहुतेक शाळांत नसतेच. सुई शिक्षकांनी टोचायची? उद्या काही झालं तर? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही, आणि आईनंही तो तसा घेतला नाही. नात्यातल्या एका वकिलाला विचारून तिनं भारतीय न्याय संहितेचं कलम 27 पत्राला जोडलं. हेच जुन्या दंड संहितेत कलम 89 होतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीनं, सद्भावनेनं केलेली कृती त्यातून इजा झाली तरी गुन्हा ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ, काही अपवाद ठेवून. म्हणून पत्राच्या मागच्या पानावर दोघांही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र आहे आणि खाली डॉक्टरांची सही-शिक्का. कायद्यानं पूर्ण अभय मिळतं असं मी म्हणणार नाही. दिवाणी दावा, संस्थेची चौकशी, या गोष्टी उरतातच. पण ‘लेखी संमती आहे’ एवढ्यावर मुख्याध्यापकांनी तीन शिक्षकांना शिकायची परवानगी दिली: वर्गशिक्षिका, खेळाचे सर आणि कार्यालयातले लिपिक, जे शाळेत सगळ्यांत जास्त वेळ असतात.

त्याहून मोठा दिलासा डॉक्टरांच्या एका वाक्यानं दिला. हे इंजेक्शन गरज नसताना दिलं गेलं, तर एका वेळेनं मुलाचं काही बिघडत नाही. गरज असताना दिलं नाही, तर बिघडतं. त्या मुलासाठी मात्रा 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या रोजच्या साडेबाराच्या चौपट, चार दिवसांचं औषध एका सुईत. हा आकडा ऐकून लिपिकांनी कपाळाला हात लावला होता. पण गंभीर आजारात शरीराला तेवढं लागतंच. तीन वर्षांखालच्या बाळाला 25, शाळकरी वयात 50 आणि साधारण बारा वर्षांपुढं 100 असा सर्वसाधारण हिशोब असतो.

साधनांचा डबा म्हणजे स्टीलचा जेवणाचा डबाच. त्यात हायड्रोकॉर्टिसोनची 100 मिलिग्रॅमची कुपी, तळाशी पांढरी भुकटी, तोंडाला रबरी बूच. निर्जंतुक पाण्याचे ॲम्प्यूल दोन. सिरिंज दोन, 23 नंबरच्या सुया, स्पिरिटचे कापूस. कुपीचं झाकण काढून बूच पुसायचं, दोन मिली पाणी आत सोडायचं, हलकेच फिरवून भुकटी विरघळवायची, मग त्यातलं एक मिली ओढायचं. दोन मिलीत शंभर, म्हणून एक मिलीत पन्नास. सिरिंजवर एक मिलीच्या रेघेला आईनं लाल नेलपॉलिश लावून ठेवलं आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि कंबर यांच्या मधोमध, सुई सरळ आत. घाई असेल तर चड्डीवरूनही चालतं. सरावासाठी मुदत संपलेल्या कुप्या आणि मोसंबी. खेळाचे सर म्हणाले, “मोसंबी ओरडत नाही, एवढाच फरक.” औषध थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचं, विरघळवलेलं साठवायचं नाही. मुदत संपायची तारीख डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहिलेली असते, आणि ती पाहण्याचं काम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लिपिकांकडं.

यंदा जुलैमध्ये डबा उघडावा लागला. गावात पोट बिघडण्याची साथ होती. दुपारी पावणेएकच्या गणिताच्या तासाला त्यानं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. एकला उलटी. अंग गार. बाईंनी कपाटाचं दार उघडून कागद वाचला: पहिली उलटी, दोन गोळ्या, मीठ-साखर-पाण्याच्या घोटाबरोबर, मला फोन, कोणीतरी शेजारी बसा. एक वाजून दहा मिनिटांनी गोळ्या दिल्या, आईला फोन झाला. ती मिरजेत कामावर, अर्ध्या तासाच्या अंतरावर. एक पंचवीसला दुसरी उलटी, गोळ्यांसकट. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटली म्हणजे अंगात गेलीच नाही, हे पत्रात होतं. चेहरा पांढरा, ओठ कोरडे, बाई विचारतायत ते कळतंय पण उत्तर उशिरा येतंय.

सरांना मैदानावरून बोलावलं. पहिलं काचेचं ॲम्प्यूल त्यांच्या हातात वाकडं फुटलं, बोट कापलं, पाणी सांडलं. दुसरं होतं म्हणून निभावलं. एक बत्तीसला इंजेक्शन गेलं. बाईंनी पेननं त्याच्या हाताच्या पंज्यावर ‘1:32, 50’ असं लिहिलं, कारण पत्रात तसं लिहायला सांगितलं होतं. मग 108ला फोन. गाडी यायला वेळ लागेल असं कळल्यावर शाळेजवळच्या एका पालकाची गाडी काढली. मुलगा मागच्या सीटवर कुशीवर, पुन्हा उलटी झाली तर घशात जाऊ नये म्हणून. तोंडानं काही द्यायचं नाही, कारण तो पुरता जागा नव्हता.

दवाखान्यात साखर 52, सोडियम 129, पोटॅशियम 5.7. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी आधी ‘स्टेरॉइड कुणी दिलं, कशाला?’ असं जरा चढ्या आवाजात विचारलं. सरांनी डब्याच्या झाकणाला आतून लावलेलं तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र पुढं केलं. ते दवाखान्यासाठी वेगळं लिहिलेलं असतं, इंग्रजीत आणि चार ओळींचं: विकार काय, मात्रा किती, सलाइन आणि ग्लुकोज लगेच सुरू करा, अहवालाची वाट पाहून हायड्रोकॉर्टिसोन लांबवू नका. डॉक्टरांनी वाचलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला, दुसऱ्या दिवशी घरी. तीन दिवस तिप्पट मात्रा, मग उलट्या-जुलाब थांबल्यावर नेहमीची. सोमवारी तो शाळेत आला आणि आठवडाभर कुणी त्याला वर्गप्रमुखाच्या हुकुमाखाली ठेवलं नाही, याचा त्यानं पुरेपूर फायदा घेतला, असं बाई म्हणाल्या.

त्या दिवशी जे अडलं ते पत्रात शिरलं. आता डब्यात प्लास्टिकचे, पिळून उघडायचे पाण्याचे ॲम्प्यूल आहेत. 108 आणि गाडी, दोन्हीची तजवीज एकाच वेळी दोन वेगळ्या माणसांनी करायची असं लिहिलं आहे. आणि कागदावर पहिल्या उलटीच्या ओळीत ‘त्याच वेळी खेळाच्या सरांना वर्गाजवळ बोलावून ठेवा’ ही भर पडली. मैदानावरून बोलावून आणण्यात चार मिनिटं गेली होती, ती वाचतील.

पुढच्या जूनमध्ये मुलगा पाचवीत जाईल. पाचवीचे वर्ग त्याच संस्थेच्या दुसऱ्या इमारतीत भरतात, तिथं बाई नाहीत, सर नाहीत, लिपिकही वेगळे. पत्र नव्यानं द्यावं लागेल, मोसंब्याही नव्यानं आणाव्या लागतील. मुलाला आता वर्गात सगळ्यांसमोर गोळीबद्दल विचारलेलं नको आहे, त्यामुळं नव्या पत्रात ‘घेतली का’ हे नुसत्या मानेनं विचारावं, अशी सूचना त्यानंच सांगून घालायला लावली आहे. बारा वर्षं पूर्ण झाली की मात्रा 100 होईल, मग अर्धी कुपी ओढायचं गणित संपेल, पण ते वयाचं कलमही लागू राहणार नाही आणि संमतिपत्र वकिलाकडून पुन्हा पाहून घ्यावं लागेल.

त्याआधी डिसेंबरात पन्हाळ्याची सहल आहे. शाळेनं आईला ‘पाठवू नका’ असं सांगितलं नाही, ‘कसं पाठवायचं ते लिहून द्या’ असं सांगितलं. तिनं लिहून दिलेल्या कागदावर चारच गोष्टी आहेत: सर सोबत असतील तरच, डबे दोन आणि दोन वेगळ्या माणसांकडं, पन्हाळ्याहून कोल्हापूरच्या कुठल्या दवाखान्यात न्यायचं त्याचं नाव आणि नंबर. चौथी ओळ बसच्या चालकासाठी आहे: डबा डिकीत किंवा काचेपाशी उन्हात ठेवायचा नाही.